मास्तर ‘हो’ म्हणतात आणि नोंद संध्याकाळी होते

नमस्कार सर,

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात प्रॉडक्शन प्लॅनिंग बघते. सुताचा प्रत्येक लॉट स्टोअरमधून निघाल्यापासून पॅकिंगपर्यंत बारकोडने नोंदवायचा, असा प्रकल्प मालकांनी माझ्याकडे दिलाय. चार महिने झाले. लूम खात्याने सुरुवातीला भांडण केलं, पण आता नोंदी नीट करतात. डाईंग खातं कधीच भांडलं नाही. मीटिंगला मास्तर ‘हो मॅडम, करून टाकू’ म्हणतात, चहा पाजतात आणि दर आठवड्याला नवीन काहीतरी निघतं. स्कॅनर भिजला, पोरगा सुट्टीवर, लेबल निघालं. एमबीएत शिकले तसा मी सगळ्या संबंधितांचा नकाशा काढला होता. मास्तर ‘वजन जास्त, रस कमी’ या चौकोनात बसले आणि तिथे ‘समाधानी ठेवा’ असं लिहिलेलं असतं. मी तेच करतेय. मालक विचारतात, मास्तरांना बोलावून दम देऊ का? माझ्या नकाशात नेमकं काय चुकलं?

— एक वाचक, सोलापूर

नमस्कार,

दम द्यायचं तूर्त थांबवा, त्याकडे शेवटी येतो. आधी नकाशा.

तुम्ही काढलात तो मेंडेलो यांच्या नावाने ओळखला जाणारा चौकोन. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला रस, मध्ये चार घरं. वाईट नाही, पण त्यात एक फसगत ठरलेली असते. ‘रस’ म्हणजे या बदलाचा त्या माणसावर किती परिणाम होणार आहे. आपण मात्र तो माणूस मीटिंगमध्ये किती बोलला यावरून रस मोजतो. लूमवाले भांडले म्हणून त्यांचा रस जास्त ठरला, मास्तर गप्प बसले म्हणून कमी. खरं तर तुमच्या सगळ्या कारखान्यात या बारकोडचा सर्वांत जास्त विचार मास्तरांनीच केला असेल. मग ‘समाधानी ठेवा’ म्हणजे प्रत्यक्षात काय झालं? त्यांना त्रास द्यायचा नाही, त्यांचं त्यांना करू द्यायचं. त्यांना नेमकं तेच हवं होतं.

दुसरी अडचण अशी की या चौकोनात कोण बाजूने आणि कोण विरोधात याला जागाच नाही. विरोधाचं कारण लिहायला तर मुळीच नाही. वजनदार माणूस गप्प का आहे, हे कळल्याशिवाय त्याला कुठल्याही घरात बसवलं तरी उपयोग होत नाही.

पण त्याहीआधी हा विरोधच आहे का, याची खात्री करा. डाईंग खात्यात लेबल खरोखरच निघतं. वाफ, मीठ, सोडा, साठ अंशाचं पाणी, त्यात कागदी लेबल दोन तास टिकलं तरी नवल. स्कॅनरही भिजतो. म्हणून मास्तरांच्या सबबी आधी खऱ्या धरा आणि मग तपासा. तपासायला कुणाला प्रश्न विचारायची गरज नाही, दोन कागद पुरतात.

एक कागद तुमच्या संगणकातला. गेल्या तीन आठवड्यांतली डाईंगची प्रत्येक नोंद आणि ती नोंद कोणत्या मिनिटाला झाली. दुसरा कागद म्हणजे मास्तरांची वही. प्रत्येक डाईंग खात्यात अशी एक वही असते. लॉट नंबर, शेड, सुताचं वजन, कुठला रंग किती ग्रॅम, मशीनला कधी टाकला, कधी काढला. ती वही मास्तर कुणासाठी ठेवत नाहीत, स्वतःसाठी ठेवतात, म्हणून ती खरी असते. दोन्ही शेजारी ठेवा आणि दोन गोष्टी बघा.

पहिली, नोंदीची वेळ. लेबल आणि स्कॅनर हीच अडचण असेल तर नोंदी तुटक दिसतील. दिवसात चार वेळेवर, दोन गायब, एक उशिरा. पण सगळ्या नोंदी संध्याकाळी पावणेसात ते सव्वासात या अर्ध्या तासात एकामागून एक पडल्या असतील, तर स्कॅनर चालतोय. फक्त लॉटच्या वेळी नोंद होत नाही. दिवसभराचं वहीत बघून, काय दाखवायचं ते ठरवून, मग बोट फिरवलं जातंय.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. कुठल्या नोंदी गायब आहेत? कुठल्याही असतील तर तो आळस किंवा गोंधळ. गायब नोंदी एकाच जातीच्या असतील तर गप्प बसण्याचं कारण त्या जातीत आहे.

माझाच एक अनुभव सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट, कारखाना इथलाच, नाव नको. काम तुमच्यासारखंच होतं, फक्त बारकोडऐवजी प्रत्येक खात्यात एक संगणक आणि त्यात लॉट नंबर टाईप करायचा. तिथलेही मास्तर गोड होते. मी तीन आठवड्यांचे दोन कागद शेजारी ठेवले. वहीत ६२ लॉट, संगणकात ५१. अकरा गायब. त्या अकरांपैकी नऊ लॉटसमोर वहीत पेन्सिलीने एक छोटा गोल केलेला होता. उरलेले दोन साध्या विसरण्यातले. गोल म्हणजे काय हे मी एका ऑपरेटरला विचारलं, तर तो म्हणाला, “टॉपिंगचे आहेत ते साहेब.” म्हणजे शेड जुळली नाही, म्हणून लॉट परत मशीनला टाकून वरून रंग दिलेला किंवा पुन्हा धुतलेला. कुणाला न सांगता, बहुतेक रात्रपाळीत.

माझा पहिला विचार काय आला असेल ते तुम्हाला कळेलच. चोर सापडला. सुदैवाने त्या दिवशी मालक गावाला गेले होते, नाहीतर मी उड्या मारत त्यांच्याकडे गेलो असतो.

मग तीन संध्याकाळी मी डाईंगमध्येच बसलो. एकेका गोलाची हकिगत काढली. चार लॉटमध्ये सूतच मिश्र होतं. स्टोअरने एका लॉटमध्ये दोन मिलच्या सुताचे कोन दिले होते, कारण एका मिलचे पुरेसे शिल्लक नव्हते. काउंट म्हणजे सुताची जाडी तीच, पण कापूस वेगळा म्हणून रंग कमी-जास्त घेतला. दोन लॉट टँकरच्या पाण्याने गेले. त्या आठवड्यात नळाला पाणी नव्हतं, बोअरचं जड पाणी आलं, आणि त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमने शेड मंद पडली. दोन लॉट घाईत गेले. सेल्समधून फोन आला, दुसऱ्या पार्टीचा माल आधी काढा, म्हणून आधीच्या लॉटची साबणाची धुलाई अर्ध्यात तोडून मशीन रिकामं केलं, आणि नंतर त्या सुताचा रंग सुटायला लागला. नऊपैकी फक्त एका ठिकाणी रंगाचं वजन चुकलं होतं. म्हणजे ज्याला डाईंगची चूक म्हणता येईल अशी एकच.

आता आम्ही बनवलेल्या स्क्रीनवर बघा. तिथे एकच रकाना होता: ‘डाईंग – रिवर्क’. मास्तरांनी इमानदारीने नोंद केली असती तर महिनाअखेरीला मालकांसमोर नऊच्या नऊ त्यांच्या नावावर आले असते. वीस वर्षं लोकांच्या चुका पोटात घालून, रात्री जागून, सकाळी बरोबर शेड देणाऱ्या माणसाला आम्ही एक यंत्र दिलं होतं. आणि त्या यंत्राचं काम होतं, त्या सगळ्या चुका त्याच्याच डोक्यावर टाकणं. तो भांडला असता तर त्याला कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण सांगायचं म्हणजे स्टोअरकीपर आणि सेल्सवाल्याचं नाव घ्यावं लागलं असतं. त्यांच्याबरोबर त्याला रोज काम करायचं होतं. म्हणून ‘हो साहेब, करून टाकू’.

तुमच्याकडे अगदी हेच असेल असं मी म्हणत नाही. पण गप्प विरोधाची घडण बहुतेक अशीच असते. त्या खात्याकडे काहीतरी कागदावर नसलेलं काम असतं, ज्याच्यावर बाकीचा कारखाना चालतो, आणि नवी पद्धत ते काम उघडं करते पण त्याचं श्रेय देत नाही.

म्हणून नकाशा नव्याने काढताना चौकोन बाजूला ठेवा आणि सुताच्या वाटेने चला. एका मोठ्या कागदावर डावीकडून उजवीकडे स्टोअर, डाईंग, वाइंडिंग-वार्पिंग, लूम, शिलाई, चेकिंग, पॅकिंग. खात्यांऐवजी माणसं लिहा. ‘डाईंग खातं’ असं कुणी माणूस नसतं. तिथे मास्तर आहेत, कलर रूममध्ये वजन करणारा आहे, दोन पाळ्यांचे ऑपरेटर आहेत आणि ज्याच्या हातात स्कॅनर दिलाय तो पोरगा आहे. या पाच जणांचं या प्रकल्पाशी पाच वेगळ्या तऱ्हेचं नातं आहे. वाटेच्या बाहेर सेल्स, अकाउंट्स, मोठे मालक आणि असतील तर धाकटे मालक.

प्रत्येक नावाखाली तीनच ओळी लिहा. आज याच्या हातात असं काय आहे जे ही नोंद काढून घेईल? याला यातून खरोखर काय मिळेल? आणि अडलं की कोण याच्याकडे जातं, हा कुणाकडे जातो? तिसऱ्या ओळीचे बाण काढा. माझ्या अनुभवात खरा नकाशा तोच असतो.

त्या कारखान्याचा कागद मला अजून आठवतो. स्टोअरकीपरच्या खाली लिहिलं होतं: आज शिल्लक कोन कुठल्याही लॉटमध्ये मिसळून संपवता येतात, उद्या ते दिसेल. लूम सांभाळणाऱ्या जॉबरखाली: आज सूत खराब आलं की तोंडी भांडावं लागतं, उद्या पुरावा मिळेल. म्हणून तो आधी भांडूनही नंतर बाजूने आला. तुमच्याकडे लूमवाले वळले त्याचंही हेच कारण असावं, तपासून बघा. पोऱ्याखाली लिहिलं होतं: दहावी झालेला, संगणक आवडतो, पण मास्तरांचा शब्द मोडू शकत नाही.

आणि सेल्सवाले साहेब. ते आमच्या प्रकल्पाचे सर्वांत मोठे पुरस्कर्ते. प्रत्येक मीटिंगमध्ये म्हणायचे, माझा माल कुठे आहे हे मला मोबाइलवर दिसलं पाहिजे. मी त्यांना ठामपणे बाजूने धरलं होतं. बाण काढायला घेतले तेव्हा दिसलं की त्यांच्याकडून एक जाड बाण थेट मास्तरांकडे जातो, प्लॅनिंगला टाळून. एखाद्या पार्टीने तगादा लावला की हे मास्तरांना फोन करायचे, “तेवढा पिस्ता रंगाचा लॉट आधी घ्या की.” मास्तर घ्यायचे. बदल्यात एखादा लॉट उशिरा झाला तर सेल्सवाले पार्टीला सांभाळून घ्यायचे, मालकांपर्यंत जाऊ द्यायचे नाहीत. दोघांत न बोललेला करार होता आणि तो चांगला चालला होता. लॉटचा क्रम मिनिटासकट स्क्रीनवर आला असता तर तो करार संपला असता. सेल्सवाल्यांना दुसऱ्यांचा माल दिसायला हवा होता, स्वतःचा फोन दिसायला नको होता. म्हणजे विरोध दिसत होता डाईंगमध्ये, पण त्याची दोरी अर्धी सेल्सच्या हातात होती, आणि मी त्या माणसाबरोबर बसून मास्तरांना कसं वळवायचं याच्या चर्चा करत होतो!

तुमच्या कागदावर हा बाण नक्की शोधा. गप्प खात्याच्या गप्प राहण्याचा फायदा खात्याबाहेर कुणाला होतो? तो माणूस बहुधा तुमच्या बाजूच्या यादीत असतो.

एक सावधगिरी. या कागदावर कुणासमोर ‘विरोधक’, ‘अडथळा’ असले शब्द लिहू नका. असे कागद फिरतातच. माझा फिरला होता. एका नावासमोर मी कंसात ‘अडवणूक’ लिहिलं आणि प्रिंट काढून प्रिंटरवरच विसरलो. चहावाल्याने तो नेमका त्याच माणसाच्या टेबलावर नेऊन ठेवला, नाव त्याचं होतं म्हणून. पुढचे तीन महिने त्या माणसाने मला ‘सर’ सोडून दुसरा शब्द ऐकवला नाही. तेव्हापासून नियम केला, त्या माणसासमोर मोठ्याने वाचता येईल तेवढंच लिहायचं. ‘स्टोअरच्या मिश्र सुताचा दोष यांच्या नावावर लागेल’ हे वाक्य मास्तरांसमोर वाचता येतं. वाचलंत तर ते खुर्ची ओढून बसतील.

आता बोलणं. मीटिंगमध्ये नको, तुमच्या केबिनमध्येही नको. तिथे मास्तर ‘हो’ म्हणतात, कारण तिथे दुसरं काही म्हणायची सोय नसते. डाईंगमध्ये जा, लॉट मशीनला लागल्यावर, तापमान चढून स्थिर झालं की. तेव्हा पाऊण तास त्यांना हात रिकामे असतात. बारकोडचा विषय काढू नका. एवढंच विचारा, “मास्तर, या महिन्यात कुठल्या लॉटनं सगळ्यात जास्त छळलं?” आणि मग गप्प बसा. कारागीर माणसाला त्रास दिलेल्या लॉटबद्दल बोलायला फार आवडतं. आमचे मास्तर पूर्व भागातले, घरी तेलुगू, कारखान्यात मराठी. रागाच्या भरात दोन वाक्यं तेलुगूत बोलायचे आणि तिथे नेमकं खरं असायचं. मला समजायचं नाही, पण शेजारचा ऑपरेटर हसायचा त्यावरून कळायचं की आता विचारायला हवं. तिसऱ्या संध्याकाळी ते स्वतःच म्हणाले, “साहेब, तुमच्या त्या मशीनमध्ये सूत कुणी दिलं ते लिहायला जागा कुठंय?”

माझ्या दृष्टीने प्रकल्प त्या दिवशी सुरू झाला.

त्या एका प्रश्नावरून आम्ही बदललं ते असं. रिवर्कची नोंद करताना कारण निवडावं लागेल: मिश्र सूत, पाणी, लॉट मध्येच काढला, वजनाची चूक, आणि इतर. पाचच, कारण ओल्या हाताने दहा पर्याय कुणी वाचत नाही. पण कारणांची यादी दिली आणि पुरावा मागे ठेवला नाही, तर उद्या प्रत्येक लॉट ‘पाणी’ होतो. म्हणून प्रत्येक कारणाच्या मागे दुसऱ्या कुणाची तरी नोंद हवी. स्टोअरने सूत देतानाच मिलचं नाव आणि मिलचा लॉट नंबर टाकायचा, आणि ते डाईंगच्या आधी सुरू करायचं. हा क्रम मोडू नका. वाटेवरचा आधीचा माणूस नोंद करत नसताना पुढच्याकडून मागणं म्हणजे त्याला एकट्याला उजेडात उभं करणं. पाण्यासाठी थेंबांचा हार्डनेस किट मिळतो, महाग नाही. प्रत्येक टँकर उतरवण्याआधी एक चाचणी करून आकडा फळ्यावर लिहायचा. आणि क्रम बदलायचा असेल तर बदलणाऱ्याने स्वतःच्या नावाने बदलायचा. फोन केला तर मास्तरांनी एवढंच म्हणायचं, “टाका ना सिस्टिममध्ये, लगेच घेतो.”

यावर सेल्सवाले रुसणार हे धरून चला. त्यांच्याशी वेगळं बोला, मास्तरांच्या आधी. तातडीचा माल पुढे काढायची वाट बंद करू नका, कारण तातडी खरी असते. आठवड्याला ठरावीक इतके लॉट ते त्यांच्या नावाने पुढे घेऊ शकतात, असं मालकांकडून लिहून घ्या. आमच्याकडे तीन ठरले. लपून मिळणाऱ्या पाचांपेक्षा हक्काचे तीन त्यांना शेवटी पटले, पण महिनाभर कुरकुर ऐकली.

लेबलचं म्हणाल तर ते सुतावर लावूच नका. मशीनवर आणि ट्रॉलीवर प्लॅस्टिकचा कायमचा टोकन टांगा, लॉट मशीनला लागला की टोकन आणि लॉट एकत्र जोडा. ही सबब खरी होती, ती आधी दूर करा. त्याने मास्तरांना कळतं की तुम्ही ऐकता.

पोऱ्याबद्दल एक. तो तुम्हाला आतली माहिती द्यायला तयार होईल, विचारायचाच अवकाश. विचारू नका. मास्तरांना दोन दिवसांत कळेल, आणि मग पोरगाही जाईल आणि मास्तरही.

आता मालकांचा दम. दम दिला तर नोंदी दुसऱ्या दिवसापासून पूर्ण येतील, आणि खोट्या येतील. खोट्या नोंदी ओळखता येतात. वेळा गोल आकड्यांच्या असतात, दहा, साडेदहा, अकरा. सगळे लॉट पहिल्याच खेपेला पास असतात. आणि त्याच महिन्यात रंगाचा खप सुताच्या वजनाच्या मानाने वाढलेला असतो, कारण टॉपिंगला रंग तर लागतोच. आज तुमच्याकडे निदान गायब नोंदी आहेत आणि त्या काहीतरी सांगतायत. दमानंतर तेही जाईल.

मालकांकडून मागायचं असेल तर वेगळं मागा. पहिले दोन महिने रिवर्कचा आकडा त्यांनी खातेवार बघायचा नाही, फक्त कारणवार. ‘डाईंगमध्ये नऊ’ असं न दिसता ‘मिश्र सुतामुळे चार’ असं दिसेल. हे कबूल करणं त्यांना जड जाईल. त्यांनी पैसे घातलेत, त्यांना स्क्रीन बघायची घाई आहे. शिवाय नकाशावर त्यांच्या नावाखालीही तीन ओळी लिहा. रात्री मास्तरांना थेट फोन करून माल काढून घ्यायची सवय मोठ्या मालकांनाही असते, आणि तो बाण तुमच्या कागदावर यायला हवा. तो काढताना हात जरा अडखळतो, पण काढा.

एक शक्यता मात्र सोडू नका. वह्या पडताळताना टॉपिंगच्या नोंदी नीट आहेत आणि गायब आहे ती रंगाची वजनं किंवा रसायनांचा खप, असं दिसलं तर प्रकरण वेगळं असू शकतं. तिथे खरेदीतल्या पैशाचा प्रश्न असू शकतो. तो नकाशाने सुटत नाही आणि तुम्ही सोडवायचाही नाही. आकडे जसेच्या तसे मालकांना द्या, अंदाज स्वतःजवळ ठेवा.

मास्तरांना कुठवर आणायचं हेही आधी ठरवून घ्या. प्रकल्प व्यवस्थापनात एक तक्ता वापरतात: अनभिज्ञ, विरोधी, तटस्थ, अनुकूल, पुढाकार घेणारा. प्रत्येक माणूस आज कुठे आहे आणि तुम्हाला कुठे हवा आहे, अशा दोन खुणा करायच्या. यात सगळेजण प्रत्येकाला ‘पुढाकार’ या घरात ओढायला जातात. मास्तरांना तिथे नेऊ नका. ते तटस्थ राहून लॉटच्या वेळी खरी नोंद करत असतील तर तुमचं काम झालं. पुढाकार स्टोअरकडून हवा, आणि स्टोअरचा माणूस आज तुमच्या यादीत कुठे आहे, हे तुम्ही पत्रात लिहिलेलंच नाही. दर पंधरा दिवसांनी खुणा पुन्हा करा, पण मीटिंगमधल्या बोलण्यावरून नको. नोंदी लॉटच्या वेळी पडतायत की संध्याकाळी, यावरून करा.

वेळेचं भान ठेवा. स्टोअरची नोंद सुरू करून तीन आठवडे चालू द्या, मग डाईंगकडे नव्याने जा. ते तीन आठवडे जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेवर येऊ देऊ नका, नारळी पौर्णिमेच्या मार्कंडेय रथोत्सवाच्या आसपासही नको. अर्धी माणसं सुट्टीवर असतात आणि मग खरंच पोरगा सुट्टीवर आहे की नाही, हे तुम्हालाही सांगता येणार नाही.

सोमवारी एवढंच करा. मास्तरांकडे जा आणि तीन आठवड्यांची वही बघायला मागा. कारण खरं सांगा, “आमच्या स्क्रीनमध्ये काय कमी आहे ते तुमच्या वहीतून शिकायचंय.” ते म्हणतील, उद्या देतो. मंगळवारी परत जा. वही घेऊन केबिनमध्ये येऊ नका, तिथेच बसून बघा, आणि पेन्सिलीच्या खुणा दिसल्या तर त्यांचा अर्थ मास्तरांनाच विचारा.

आणि पुढे सगळं सुरळीत झालं तरी ती वही बंद करा असं कधी सांगू नका. आमच्या मास्तरांनी निवृत्त होईपर्यंत दोन्ही ठेवलं, संगणकही आणि वहीही. गोल मात्र ते पुढे पेनाने करायला लागले होते.